समोरच्या व्हरांड्याचे रेंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, फोंडा, पेडणे, सत्तरी या भागांतून घर बांधणारे किंवा जुने घर दुरुस्त करणारे लोक येतात, तेव्हा बहुतेकांना संगणकावरच्या मॉडेलमधून काढलेले पहिले चित्र, म्हणजे रेंडर, हवे असते ते दर्शनी व्हरांड्याचे. खाली लाद्या, एका बाजूला लाकडी झोपाळा, पुढे बारीक खांब, आणि सगळे "आपण उभे राहून बघतो तसे". हे शेवटचे पाच शब्द बोलायला सोपे आणि सांभाळायला अवघड. त्यावरून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत.

उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच व्हरांडा धरला आहे. लांबी ६ मीटर, रुंदी २.४ मीटर, तोंड पूर्वेला. जोते अंगणापासून ४५ सेंटीमीटर उंच, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या. पुढे चार खांब, दोन-दोन मीटरवर. दरवाजा मधोमध, झोपाळा उजवीकडच्या दोन खांबांमधल्या गाळ्यात. वर मंगलोरी कौलांचे छप्पर. वळचण खांबांच्या पुढे ६० सेंटीमीटर येते आणि तिची खालची कड व्हरांड्याच्या जमिनीपासून २.१ मीटरवर आहे. आपल्याकडे अशी घरे गावागावांत आहेत.

डोळ्यांची उंची म्हणजे कॅमेरा नेमका किती उंच?

उभ्या माणसाचे डोळे साधारण १.५ ते १.६ मीटरवर असतात. मी १.५५ धरतो. पण ही उंची मोजायची ती बघणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीपासून, आणि गोंधळ होतो तो इथेच. मॉडेलमध्ये शून्य पातळी बहुतेक वेळा व्हरांड्याच्या लादीवर ठेवलेली असते. रेंडर करणारा कॅमेऱ्याला १.५५ उंची देतो आणि त्याला अंगणात सात मीटर मागे नेऊन ठेवतो. आता बघणारा अंगणापासून दोन मीटर उंचीवरून बघतोय, जणू स्टुलावर उभा आहे. चित्र "चुकले" असे कोणी म्हणत नाही. "काहीतरी मॉडेलसारखे दिसते" एवढेच म्हणतात.

अंगणातून बघायचे असेल तर जोत्याचे ४५ सेंटीमीटर वजा करा. डोळे व्हरांड्याच्या जमिनीपासून १.१० मीटरवर येतात. एवढ्याने सगळे चित्र बदलते.

हातात आलेले रेंडर बरोबर उंचीवरून आहे का, हे कसे ओळखायचे?

दरवाजा बघा. कॅमेरा सरळ समोर धरलेला असेल तर क्षितिजाची रेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाते. ती शोधायला लादीच्या सांध्यांच्या किंवा पायऱ्यांच्या मागे जाणाऱ्या रेषा पट्टीने पुढे वाढवा. त्या जिथे मिळतील तिथे क्षितिज. २.१० मीटरच्या दरवाजाला ही रेषा १.१० वर, म्हणजे जवळजवळ मध्यावर छेदायला हवी. ती पाऊण उंचीच्या आसपास छेदत असेल तर बघणारा व्हरांड्यात उभा आहे, आणि चौकटीच्या वर गेली असेल तर झाडावर.

दुसरी खूण मला जास्त आवडते. झोपाळ्याची फळी ४५ सेंटीमीटरवर असते, आणि बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून साधारण पाऊण मीटर वर. म्हणजे झोपाळ्यावर बसलेल्याचे डोळे लादीपासून १.२० मीटरवर आले. अंगणात उभ्या पाहुण्याचे १.१० वर आहेत. दोघांची नजर जवळपास समोरासमोर येते. गोव्यातल्या जुन्या घरांत अंगणातला माणूस आणि ओटीवरचा माणूस यांचे बोलणे मान वर-खाली न करता चालते, त्याचे कारण हेच. रेंडरमध्ये झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांच्या डोक्याचा वरचा भाग दिसत असेल, तर कॅमेरा खाली आणायला सांगा.

पण एवढ्या खालून लाद्या दिसतच नाहीत! त्यांच्यावरच तर खर्च केलाय.

ही तक्रार खरी आहे. अंगणातला कॅमेरा खांबांच्या कडेपासून ७ मीटरवर, लेन्स ३५ मिलिमीटर, चित्र १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच. २.४ मीटर रुंदीची अख्खी जमीन त्यात सुमारे ७५ पिक्सेलच्या पट्टीत मावते. लाद्या २० सेंटीमीटरच्या असतील तर त्यांच्या बारा रांगा झाल्या: पुढची रांग आठ पिक्सेलची, भिंतीलगतची जेमतेम पाच. एवढ्या जागेत वेलबुट्टीची नक्षी कशी उमटणार? तिचा नुसता रंग उरतो.

इथे कॅमेरा उचलायचा मोह होतो. अंगणापासून अडीच मीटरवर नेला की पट्टी १४० पिक्सेलची होते, लाद्या छान दिसतात आणि मालक खूश होतो. पण अंगणात अडीच मीटरवरून कोणीच बघत नाही. मी हे करत नाही. त्यापेक्षा दोन चित्रे घ्या. पहिले अंगणातून: घराचा चेहरा, खांब, पायऱ्या, वळचण. दुसरे व्हरांड्यातच, डाव्या टोकाला उभे राहून लांबीच्या दिशेने झोपाळ्याकडे बघत. तिथे कॅमेरा लादीपासून १.५५ वर आणि पावलांपुढच्या दोन-तीन मीटरमधली लादी सांध्यासकट दिसते. नक्षी कशी जुळते, कडेची पट्टी भिंतीशी नीट संपते की कापली जाते, हे दुसऱ्या चित्रातच कळते आणि गवंड्यालाही तेच उपयोगी पडते.

जाता जाता एक गोष्ट. २.४ मीटरला २० सेंटीमीटरच्या लाद्या बरोबर बारा बसतात असे कागदावर दिसते, पण सांधा आणि भिंतीचा गिलावा धरला की शेवटची लादी कापावी लागू शकते. कापलेली रांग भिंतीकडे जाऊ द्या, पायऱ्यांकडे नको. रेंडरमध्ये हे ठरवले की जागेवर वाद होत नाही.

बारीक खांब चित्रात जाड का दिसतात? आणि तेही फक्त कडेचे?

रुंद लेन्समुळे. खरे तर कडेचा खांब बघणाऱ्यापासून जास्त लांब असतो, तेव्हा तो बारीक दिसायला हवा. पण सपाट चित्रावर गोल खांब तिरका उमटतो आणि कडेला जाईल तसा ताणला जातो.

आपल्या व्हरांड्यात खांब ११.४ सेंटीमीटरचे आहेत. ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन ७ मीटर मागे उभे राहिलात तर टोकाचा खांब मधल्या भागाच्या मानाने सुमारे ९ टक्के जाड दिसतो. एवढे कोणाला कळत नाही. चित्राची तीच चौकट २४ मिलिमीटरने भरायची तर ४.८ मीटरवर यावे लागते आणि जाडी १७ टक्के वाढते. १८ मिलिमीटरने आणखी जवळ, ३.६ मीटरवर आलात तर २९ टक्के. म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरचा खांब पंधराच्या घरात दिसू लागतो. मालक म्हणतो, "खांब जरा बारीक करा." करणारा मॉडेलमधला खांब बारीक करतो. मग फॅब्रिकेटरकडे भलतेच माप जाते. रोग लेन्सचा असताना औषध खांबाला देऊ नये.

अंगण लहान असल्यामुळे प्रत्यक्षात ७ मीटर मागे जाता येत नसेल, कुंपण मध्ये येत असेल, तर मॉडेलमधले कुंपण लपवून मागे जाणे मला चालते. उंचीत लबाडी नको, पण अंतरात थोडी सवलत घ्यायला हरकत नाही. मात्र ते मालकाला सांगावे.

खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले का दिसतात?

कॅमेरा वर वळवला आहे म्हणून. छप्पर चौकटीत घ्यायला करणारा कॅमेऱ्याचे तोंड वर करतो आणि उभ्या रेषा वर जाता जाता जवळ येतात. बारीक खांबांत हे लगेच डोळ्यांवर येते.

कॅमेरा आडवाच ठेवायचा आणि चौकट वर सरकवायची. स्केचअपमध्ये `Camera > Two-Point Perspective` आहे. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याचा एक्स कोन बरोबर ९० अंश ठेवून लेन्सच्या सेटिंगमधले `Shift Y` वाढवा. आपल्या ३५ मिलिमीटरच्या आडव्या चित्रात ०.१ दिले की ७ मीटरवरची चौकट ७२ सेंटीमीटर वर सरकते. अंगणाचा रिकामा भाग तेवढा कमी होतो आणि कौले येतात. याहून फार जास्त सरकवू नका. वरची कौले ओढल्यासारखी दिसू लागतात.

एवढे बारीक खांब प्रत्यक्षात उभे राहतात का?

सिमेंट काँक्रीटचे नाही. भूकंपाचा विचार करून केलेल्या आराखड्यात काँक्रीट खांबाची किमान बाजू ३०० मिलिमीटर धरायला आयएस १३९२० हे मानक सांगते. ज्यांना काँक्रीटमध्येच चार इंची खांब हवेत, त्यांच्यासाठी मी रेंडर करत नाही, कारण त्या चित्रावरून पुढे कोणीतरी खरेच बांधायला निघतो.

बारीक हवेत तर लोखंडी पाइप किंवा लाकूड. वर वापरलेले ११.४ सेंटीमीटर हे माप चार इंची पाइपच्या बाहेरच्या व्यासाचे आहे, बाजारात मिळते तेच. लाकडी खांब असेल तर खाली दगडी तळखडा दाखवा. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी उडून खांबाचा खालचा वीतभर भाग सतत ओला राहतो आणि लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. तळखड्याशिवाय थेट लादीतून उगवलेला लाकडी खांब दिसला की तो गोव्यात पाऊस न पाहिलेल्या माणसाने काढलाय हे ओळखा. खांबाचे खरे माप मात्र छपराचे वजन बघून इंजिनिअर देईल.

झोपाळ्याच्या कड्या वर कुठे अडकल्यात ते चित्रात दिसत नाही. चुकलंय का?

नाही, तसेच दिसायला हवे. झोपाळा तुळईला २.६ मीटरवर टांगला आहे आणि व्हरांड्याच्या मध्यावर आहे. अंगणातून १.१० च्या नजरेने बघितले की वळचणीची कड मध्ये येते आणि झोपाळ्याच्या जागी सुमारे २.३८ मीटरपर्यंतचेच दिसते. म्हणजे कड्यांचा वरचा वीतभर भाग आणि आकडे वळचणीमागे जातात. ते दिसावेत म्हणून काही जण तुळई खाली आणतात किंवा वळचण उचलतात. वळचण उचलली की मृगाचा पाऊस थेट झोपाळ्यावर येईल. आकडे बघायचे असतील तर व्हरांड्यातले दुसरे चित्र आहेच.

झोपाळा नेमका कुठे आणि कोणत्या तोंडाने ठेवायचा?

दीड मीटर लांब आणि साठ सेंटीमीटर रुंद फळी धरू. लांब बाजू अंगणाकडे ठेवली तर झोपाळा भिंतीकडून अंगणाकडे असा हलणार. कडी २.१५ मीटरची आहे. दहा अंशांचा हलका झोका घेतला तरी फळी पुढे-मागे ३७ सेंटीमीटर जाते. त्यात फळीची अर्धी रुंदी आणि पुढे आलेले गुडघे मिळवले की मध्यापासून सुमारे १.१७ मीटर लागतात. आपल्याकडे १.२ आहेत. म्हणजे बसून हळू हलायला जमते. मुलांनी वीस अंशांचा झोका घेतला तर पाय खांबांच्या ओळीबाहेर जाणार. या व्हरांड्याला हे चालेल, कारण झोपाळ्यासमोर पायऱ्या नाहीत. पण तेवढा वेळ त्या गाळ्यातून कोणी जाऊ शकणार नाही, म्हणून दरवाजासमोर झोपाळा कधीच नको.

आता चित्राची गोष्ट. झोपाळा उजव्या गाळ्यात मधोमध आणि कॅमेरा घराच्या मध्यरेषेवर, असे ठेवले की झोपाळ्याची डावी कडी खांबाच्या कडेला जवळजवळ चिकटते. हिशेबाने त्या दोघांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटरची फट उरते, म्हणजे चित्रात तीन ते पाच पिक्सेल. डोळ्याला कडी आणि खांब एकच वाटतात आणि झोपाळा खांबाला बांधल्यासारखा दिसतो. मालकाला हे नेमके सांगता येत नाही, पण "झोपाळा उठून दिसत नाही" असे तो म्हणतोच.

कॅमेरा एक मीटर उजवीकडे सरकवला की ही फट १६ सेंटीमीटरची होते आणि झोपाळा मोकळा दिसतो. डावा खांब चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून `Shift X` ने चौकट परत डावीकडे आणा. कॅमेरा फिरवू नका, नाहीतर जोत्याची आडवी रेषा तिरकी होते. घरही नेमके समोरून न दिसता थोडे बाजूने दिसते. फाटकातून आत येणारा माणूस तरी कुठे मध्यरेषेवरून चालत येतो?

संध्याकाळचे सोनेरी ऊन लाद्यांवर पडलेले दाखवाल का?

पूर्वेकडे तोंड असेल तर नाही. संध्याकाळी सूर्य घरामागे असतो. ऊन हवे असेल तर सकाळ घ्या, आणि वेळ नीट निवडा.

मार्चच्या २१ तारखेच्या आसपास सकाळी साडेआठला सूर्य साधारण २६ अंशांवर असतो. वळचणीखालून ऊन आत शिरते, सगळी जमीन ओलांडते आणि भिंतीवर साठ सेंटीमीटर चढते. झोपाळ्याची सावली लादीवरून भिंतीवर जाते. हीच वेळ मी बहुतेकदा निवडतो. साडेदहाला त्याच उन्हाची पायऱ्यांकडे फक्त ऐंशी सेंटीमीटरची पट्टी उरते. दुपारी काहीच नाही, आणि व्हरांडा असतो तो त्यासाठीच.

सॉफ्टवेअरमध्ये जागा भरताना अक्षांश १५.५, रेखांश ७३.८ आणि वेळ यूटीसीच्या पुढे साडेपाच तास द्या. आपले घड्याळ ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावर चालते, त्यामुळे गोव्यात सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा वाजून जातात. टाइम झोन न भरता नुसते "सकाळी ८.३०" लिहिले तर सावल्या भलत्याच पडतात. पश्चिमेला तोंड असलेल्या घराला मात्र संध्याकाळचे ऊन हवे तेवढे मिळेल. त्या घरी झोपाळ्यावर पाच वाजता बसवत नाही, ती गोष्ट वेगळी.

जमीन पाण्यासारखी चकाकते. लादी तर मॅट घेतली आहे.

अंगणातून नजर लादीवर फार तिरकी पडते, सात-आठ अंशांनी. इतक्या तिरक्या कोनात कुठलाही गुळगुळीत पृष्ठभाग जास्त परावर्तन करतो. शोरूममधल्या फोटोवरून मटेरियलचा रफनेस, म्हणजे खरखरीतपणा, ०.१ ठेवला असेल तर दरवाजा लादीत उलटा दिसेल. सिमेंटच्या नक्षीदार लादीला ०.४ च्या आसपास ठेवा. जुन्या तांबड्या घोटीव कोब्याला थोडा कमी चालेल, कारण वर्षानुवर्षे पुसून तो खरेच चकाकतो.

आणि जमीन अगदी सपाट काढू नका. बाहेरच्या बाजूला मीटरला एक सेंटीमीटर उतार धरला तर २.४ मीटरवर जेमतेम अडीच सेंटीमीटर होतो. चित्रात तो दिसणार नाही. पण पुढे मॉडेलवरून पायरीची उंची काढताना उपयोगी पडतो.

लादीचे सांधे आणि झोपाळ्याच्या कड्या तुटक-तुटक दिसतात.

चित्र लहान आहे. १९२० पिक्सेलमध्ये खांबांच्या ओळीपाशी एक पिक्सेल म्हणजे जवळपास पावणेचार मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा सांधा अर्ध्या पिक्सेलचा, आठ मिलिमीटरच्या कडीची तार दोन पिक्सेलची. काही जण सांधा सहा मिलिमीटरचा करून टाकतात. मग लादी चेकर्ड दिसते आणि मालक गवंड्याकडे तसाच सांधा मागतो. माप खरेच ठेवा, चित्र ३८४० पिक्सेलचे काढा. ए-थ्री कागदावर छापायचे असेल तरी तेवढे पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होते आणि कड्या पुन्हा तुटतात.